पन्हळीतल्या चिंध्या

लोटू मिस्त्रीच्या हाताला नाव होतं. सुरतेत उधन्यापासून भेस्तानपर्यंत कुठल्याही शेडच्या मालकाला विचारा, तो सांगायचा, भिंत घ्यावी तर लोटूकडून. ओळंबा न लावताही त्याची भिंत सरळ येते असं लोक म्हणत. हे खोटं होतं, ओळंबा तो लावायचाच, पण ऐकायला बरं वाटायचं म्हणून त्याने कधी खोडून काढलं नाही. माणसाला आपल्याबद्दलचं एखादं खोटं आवडायला लागलं की तिथूनच त्याचं बिनसायला लागतं. लोटूचंही तसंच झालं.

पारोळ्याकडचा हा माणूस वीस वर्षांपूर्वी सुरतेत आला आणि शेडच्या कामातच मुरला. तिथल्या शेडींची तऱ्हा अशी, की एका लांबलचक पत्र्याखाली पाच-सहा कारखाने. पत्रा एकच, पन्हळीचा, सिमेंटचा. मधे नऊ इंची भिंती घालून ज्याचा त्याचा गाळा वेगळा करायचा. एकात लूम म्हणजे यंत्रमाग, दुसऱ्यात साड्यांच्या घड्या, तिसऱ्यात सुताचे बाचके. उन्हाळ्यात पत्रा तापतो म्हणून प्रत्येक गाळ्यात खालून हार्डबोर्डचं सीलिंग मारायचं. त्या सीलिंगच्या वर आणि पत्र्याच्या खाली एक पोकळी राहते. तिथे कोणी जात नाही, कोणी बघत नाही. लूमवरून उडालेली रुई मात्र बोर्डाच्या फटींतून न चुकता तिथे जाते आणि बोटभर जाडीची होऊन बसते.

आता भिंत विटांची, विटेची कड सरळ. पत्रा नागमोडी. भिंत कितीही वर न्या, शेवटच्या थराच्या वर प्रत्येक पन्हळीत एक भोक राहतंच. लहान पन्हळीत मूठ जाईल, मोठ्या पन्हळीत कबूतर. ही भोकं बुजवायची असतात. प्लेगनंतर सुरतेत साफसफाईची लाट आली, नव्या शेडी धडाधड उठल्या, तेव्हा एका कंत्राटदाराने लोटूला नुसतं हेच काम दिलं. भिंती दुसऱ्यांनी बांधायच्या आणि लोटूने वर चढून पत्र्याखालची फट बंद करत जायचं. चार दिवस इथे, तीन दिवस तिथे, अशा अकरा शेडी झाल्या. पुढे तो कंत्राटदार वापीकडे गेला आणि कुठल्या शेडीत कोणाचा हात लागला हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

कागदावर त्या फटीत दगडी लोकर भरायची होती. डाइंग मिलमध्ये बॉयलरच्या पाइपांना गुंडाळतात ती, दगड वितळवून त्याच्या धाग्यांची केलेली, हाताला खाजणारी. ती वेळेवर आली नाही. कंत्राटदार म्हणाला, कशानेही भर. लोटूला त्यात काही वावगं वाटलं नाही. गावाकडे घराच्या मातीच्या धाब्याला कडेला फट पडली की त्याचा बाप गोणपाट चिखलात बुडवून ठासायचा आणि वरून लिंपायचा. ते गोणपाट चिखल पिऊन घ्यायचं, वाळल्यावर ढेकूळ व्हायचं. इथे गोणपाट नव्हतं, पण लुमांच्या गाळ्यांत वेस्ट सुताच्या चिंध्यांचे ढीग पडलेले. लोटूने त्या सिमेंटच्या पाण्यात बुडवल्या, पन्हळीत ठासल्या, वरून अर्धा इंच माल लावून गुळगुळीत केलं. कबूतर थांबलं, पावसाचं पाणी थांबलं. खालून बघणाऱ्याला वाटायचं, भिंत थेट पत्र्यातच उगवली आहे.

ते सूत पॉलिएस्टरचं होतं. ते पाणी पीत नाही आणि सिमेंटही पीत नाही. हे लोटूला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायला तो कधी थांबलाही नाही.

सत्याण्णव साली अनंत चतुर्दशी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सुरतजवळ कडोदऱ्याच्या एका शेडीला आग लागली. लोटूच्या बायकोचा, शोभाबाईचा सख्खा भाऊ पोपट तिथे तीन महिन्यांपासून कामाला होता. दुपारच्या जेवणाची वेळ. आग शेजारच्या गाळ्यात लागली होती, पोपटच्या नाही. मधे पक्की भिंत, म्हणून पोपट आणि आणखी एक जण निर्धास्तपणे सुताचे बाचके दाराकडे ओढत होते. धूर नव्हता, झळ नव्हती. आणि एकाएकी डोक्यावरचं सीलिंगच पेटून खाली आलं. दुसरा माणूस दाराजवळ होता, तो निसटला. पोपट मधोमध होता.

सिव्हिल हॉस्पिटलात पोपटने नऊ दिवस काढले. लोटू रोज त्याच्या उशाशी बसायचा. ऐन पितृपक्षात पोपट गेला. त्याची बायको काशीबाई दोन लेकरं घेऊन लोटूच्या खोलीत राहायला आली. आग भिंतीवरून आली हे त्या निसटलेल्या माणसाने तिला सांगितलं होतं, आणि संध्याकाळी दारात बसली की ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायची.

"ज्यानी ती भिंत करी ना, त्याना हात झडोत."

तेराव्यानंतर योगराजभाऊ समाचाराला आले. भुसावळकडचे हे वयस्कर गृहस्थ मिलच्या आगीच्या बंबावर तीस वर्षं होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. आग विझली की ती कशी लागली हे बघितल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. ते म्हणाले, "लोटू, मी कडोदऱ्याला जाऊन येतोय. येतोस? तू भिंतीतला माणूस."

लोटूला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून तो गेला. तो शेडच्या दारातून आत गेला. रस्त्यावरून ओळख पटली नव्हती, आतून पटली. ह्याच भिंतीवर तो चार दिवस चढून बसला होता.

पत्रे मधोमध तडकून खाली पडले होते, भिंतीवर टेकलेले तुकडे तेवढे राहिले होते. भिंत मात्र शाबूत उभी होती, एक वीट हलली नव्हती. फक्त तिच्या माथ्यावर ओळीने काळी भोकं दिसत होती. योगराजभाऊ शिडी लावून चढले आणि त्यांनी लोटूलाही वर बोलावलं.

"हे बघ. आग खाली नाही पळत, वर जाते. आधी तिकडचं सीलिंग फोडलं, मग पत्र्याखालच्या पोकळीत शिरली. वर पत्रा, खाली बोर्ड, मधे वाळलेली रुई. तिला पळायला रस्ताच झाला. पळत पळत भिंतीपर्यंत आली. इथे तिला थांबायला पाहिजे होतं." त्यांनी एका भोकात बोट घालून काळा, टणक मणी उकरून काढला. "हे काय आहे सांग बरं?"

लोटूने तो मणी हातात घेऊन परत दिला.

"पॉलिएस्टर. हे पेटायच्या आधी वितळतं. वितळून ठिबकलं की भोक मोकळं. वरच्या सिमेंटच्या पापुद्र्याला मागून आधार राहत नाही, तो तडकून पडतो. मग इकडच्या पोकळीत आग, आणि खाली बसलेल्याला पत्ता नाही. इथे दगडी लोकर असती ना, तर तास-दीड तास हललं नसतं काही. पोपट जेवण करून, हात धुऊन बाहेर आला असता." भाऊंनी तो मणी खिशात टाकला. "कोण्या नालायकाचं काम आहे कोण जाणे. मिळाला तर कानाखाली वाजवीन."

"कंत्राटदाराचं असंन," लोटू म्हणाला. स्वतःचा आवाज त्यालाच परका वाटला.

घरी आल्यावर तो जेवला नाही. अकरातली एक शेड गेली, दहा उरल्या. त्या दहांतल्या एका शेडीत, उधन्याला मनहरशेठच्या गाळ्यात, त्याची स्वतःची मुलगी रंजना साड्यांचे धागे कापायला आणि घड्या घालायला जायची. गाळ्यात लोखंडी माळा टाकलेला, सीलिंगला डोकं लागेल इतका उंच. चौदा बायका त्या माळ्यावर मांडी घालून बसत. उतरायला एकच जिना आणि तोही भिंतीला लागून. भिंतीपलीकडे चोवीस लूम.

एखाद्याने दुसऱ्याच दिवशी जाऊन सगळं सांगून टाकलं असतं. लोटूने नवरात्र जाऊ दिली, दसरा जाऊ दिला. मला त्याचा राग येतो आणि कीवही येते. रोज सकाळी रंजना डबा घेऊन निघाली की तो दारापर्यंत जायचा, तोंड उघडायचा, मागे काशीबाई भांडी घासत असायची, आणि तोंड मिटायचं. एकदा तर तो रंजनाला म्हणाला, काम सोड. ती हसली. "का रे आप्पा? दिवाळीना टायमाले कोनी काम सोडस का?" तिला थांबवायला कारण एकच होतं. ते सांगण्यासारखं नव्हतं.

शेवटी त्याने आडवाट काढली. मनहरशेठकडे जाऊन म्हणाला, शेठ, भिंतीच्या माथ्याला भेगा पडल्यात, अवकाळी पाऊस आला तर पाणी थेट साड्यांवर. दोन दिवस द्या, पक्कं करून देतो, मजुरी नको.

"दिवाळी पछी करजो ने, मिस्त्री," म्हणत शेठने काम दिवाळीनंतरवर ढकललं. मग साड्यांच्या थप्प्यांकडे बघून त्याने विचार बदलला. "चालो, दो दिन. ज्यादा नहीं."

योगराजभाऊंनी मिलच्या ओळखीवर दगडी लोकरीचे गठ्ठे मिळवून दिले आणि कसं भरायचं तेही सांगितलं. फटीपेक्षा तुकडा मोठा काप, दाबून बसव, म्हणजे तो स्वतःच फुगून घट्ट बसतो. पत्रा उन्हाने वरखाली होतो, नुसतं सिमेंट तडकेल, लोकर तडकत नाही. छताचा लोखंडी अँगल भिंतीतून जातो तिथे चारही बाजूंनी भर, वायरीची भोकं विसरू नको. "तुला एकाएकी हे कसं सुचलं?" त्यांनी विचारलं. "पोपटमुळं," लोटू म्हणाला. ते खरंच होतं, म्हणून म्हणायला जड गेलं नाही.

सोमवारी तो उधन्याच्या भिंतीवर चढला. माळा रिकामा होता. त्याने सीलिंगची कड उचकटली, पोकळीत डोकं घातलं आणि हातोडीने पहिला पापुद्रा फोडला. आतून चिंध्या निघाल्या. गुलाबी, मोरपंखी, पिवळ्या, जशा भरल्या होत्या तशाच कोऱ्या. सिमेंट वरच्या वर खरखरलं होतं, आत बोट घातलं तर सूत मऊ. त्या त्याने ओढून काढल्या. एकेक पन्हळ लोकरीने भरत गेली तसा त्याचा श्वास मोकळा होत गेला. दुपारपर्यंत निम्मी भिंत झाली. निम्म्या कामात माणसाला सगळं सुटल्यासारखं वाटतं, तसं त्याला वाटलं. उरलेल्या नऊ शेडींचं पुढे बघू, काहीतरी निमित्त काढू, असंही त्याने मनाशी ठरवून टाकलं.

पाणी प्यायला तो खाली उतरला तेव्हा गणपत वॉचमन दारात तंबाखू मळत होता.

"बायकांना सुट्टी मिळाली वाटतं?" लोटूने सहज विचारलं.

"सुट्टी कशाची? दिवाळी तोंडावर. तुमचं काम निघालं म्हणून शेठनं सगळ्यांना भावाच्या शेडीत पाठवलं. भेस्तानला. तिथंही असाच माळा आहे."

लोटूच्या हातातला तांब्या तसाच राहिला. भेस्तानची शेड. त्या अकरांतली सहावी. भर उन्हाळ्यात तीन दिवस लागले होते, चिंध्या हिरव्या होत्या.

सायकल कशी मारली ते त्याला आठवत नव्हतं. भेस्तानच्या शेडीसमोर पोचला तेव्हा शेजारच्या गाळ्याचं दार उघडं होतं. आत शिडीवर चढून एक जण पत्रा पेलणाऱ्या लोखंडी कैचीला वेल्डिंग करत होता. लूमवरचा पट्टा टांगायला नवा अँगल जोडत असावा. हार्डबोर्डचा एक चौकोन काढून ठेवलेला, आणि ठिणग्या वरच्या काळोखात उडत होत्या, जिथे बोटभर रुई साचली होती.

लोटू घड्यांच्या गाळ्यात धावला. सुकलाल नावाचा सुपरवायझर वही घेऊन जिन्याशी उभा होता. वर बायका ओळीने बसलेल्या, मधे साड्यांचा ढीग, रंजना कोपऱ्यात, भिंतीला टेकून. कोणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या हसल्या.

"रंजू! खाले उतर!"

ती वाकली. "काय व्हयनं आप्पा?"

खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर खोटं पडलं. सवय झाली होती. "तुनी माय पडनी. लवकर चाल."

रंजनाचा चेहरा उतरला. ती साडी बाजूला टाकून उठली. शेजारी बसलेली उषाबाई म्हणाली, जा गं पोरी, तुझ्या घड्या मी करते. सरलाबाईने तिचा डबा पिशवीत घालून दिला. रंजना जिना उतरू लागली, एक पायरी, दुसरी पायरी, आणि वर तेरा बायका पुन्हा मांडी घालून बसल्या. उषाबाईने रंजनाची जागा घेतली. भिंतीला टेकून.

लोटू ते बघत राहिला. त्याची मुलगी खाली येत होती. दुसऱ्यांच्या मुली वर राहत होत्या. त्याला फक्त तिचा हात धरायचा होता आणि बाहेर पडायचं होतं. जग ह्याला बापाचं कर्तव्य म्हणालं असतं.

"समद्या उतरा," तो म्हणाला. कोणी वळलं नाही. मग तो ओरडला. "समद्या जनी खाली उतरा! शेजारी वेल्डिंग चालू आहे. आग लागली तर ही भिंत नाही थांबवणार!"

सुकलाल पुढे आला. "ओ मिस्त्री, डोकं फिरलं का? पक्की नऊ इंची भिंत आहे."

"भिंत पक्की आहे. माथा पोकळ आहे. मी भरला."

तो रंजनाच्या शेजारून जिना चढला, माळ्यावर उभा राहिला आणि सीलिंगच्या कडेचा बोर्ड हाताने ओढून तोडला. भिंतीच्या माथ्याचं गुळगुळीत सिमेंट दिसलं. त्याने कमरेला खोचलेल्या थापीचं टोक त्यात खुपसलं. पापुद्रा अंड्याच्या कवचासारखा फुटला आणि त्याने आतून हिरवं सूत ओढलं, वीतभर, हातभर, मग मूठ भरून. पलीकडून भोकातून वेल्डिंगचा जळका वास आत आला.

"हे पॉलिएस्टर आहे," लोटू म्हणाला. "झळ लागली की वितळून जातं आणि आग ह्या भोकातून तुमच्या डोक्यावर येते. दगडी लोकर भरायची होती. मी ह्या भरल्या."

उषाबाई आधी उठली. मग सगळ्या. कोणी ओरडलं नाही, ढकलाढकली झाली नाही. एकेक जण लोटूकडे बघत, त्याच्यापासून अंग चोरून जिना उतरली. सुकलाल वही तिथेच टाकून शेजारच्या गाळ्याकडे पळाला, आणि थोड्या वेळाने वेल्डिंगचा आवाज थांबला. कोणीतरी पाण्याची बादली मागत होतं. वर, कैचीपाशी, रुईत एका जागी धूर सुटला होता. दोन बादल्यांत तो विझला. आणखी पाव तासाने विझला नसता.

लोटू जिना उतरला. अंगणात बायका घोळका करून उभ्या होत्या आणि त्याच्याकडे पाठ करून बोलत होत्या. रंजना त्यांच्यात नव्हती. ती शेवटच्या पायरीवर बसून होती, मांडीवर डब्याची पिशवी.

"माय पडनी नही ना?" तिने विचारलं.

"नही."

ती त्याच्या मुठीकडे बघत होती. हिरव्या चिंध्या अजून त्याच्या हातात होत्या. त्या कुठे टाकाव्या हे त्याला कळत नव्हतं.

"आप्पा, कडोदराले बी तूच भऱ्या व्हत्यात का?"

सांगायला एवढे दिवस लागले, आता एका शब्दाचं काम होतं. तो खाली, तिच्यासमोर मातीत बसला.

"व्हय."

रंजना रडली नाही. पदराने तिने तोंड पुसलं, पिशवीचे बंद नीट बांधले, आणि त्याच्याकडे न बघता विचारलं,

"मामीले तू सांगशी, का मी सांगू?"